१४ की 98? हिशेब नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी आकड्यांची वाट

आंब्याचा हंगाम आला की कोकणात कागदाच्या चिठ्ठ्या उडू लागतात. पेटीवाल्याची चिठ्ठी, गड्यांच्या हजेरीची वही, वाशीच्या व्यापाऱ्याकडून आलेली विक्रीची पट्टी, होडीच्या डिझेलचा हिशेब. यातलं बरंचसं लिखाण जुन्या हातांचं असतं आणि ते हात मराठी अंकांत लिहितात. पैसे मात्र जातात मोबाइलवरून किंवा बँकेतून, आणि तिथे सगळीकडे 1, 2, 3 असतात. मधल्या माणसाला एका लिपीतला आकडा वाचून दुसऱ्या लिपीत उतरवावा लागतो. हा मधला माणूस बऱ्याचदा नवखा असतो: मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकून आता बाग बघायला आलेला नातू, लग्न होऊन घरात आलेली आणि होमस्टेचा हिशेब अंगावर पडलेली सून, नाहीतर दुसऱ्या राज्यातून बदली होऊन शाखेत आलेला कारकून. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक सोय आधीच सांगतो. इथे जिथे मराठी अंक छापलेत तिथे ते मराठीच समजा आणि जिथे 1, 4, 9 असे दिसतील तिथे ते तसेच, मुद्दाम लिहिलेले आहेत.

पायरी पहिली: गोंधळ करणारे अंक चारच आहेत

दहाच्या दहा अंक शिकायला बसू नका, त्याची गरज नाही. ०, २ आणि ३ हे दोन्ही लिप्यांत इतके सारखे आहेत की चुकलात तरी किंमत बदलत नाही. ८ आणि ९ इंग्रजी कशासारखेच दिसत नाहीत, त्यामुळे न शिकलेला माणूस तिथे अडतो आणि विचारतो. अडला की पैसे वाचले. ६ म्हणजे उलटा फिरवलेला 3. तो पाहिल्यावरही नवखा माणूस सहसा थबकतो.

न अडता पुढे जायला लावतात ते हे:

- १ हा 9 सारखा दिसतो.
- ४ हा 8 सारखा दिसतो.
- ७ हा 6 सारखा दिसतो.
- ५ हा डोकं उघडं ठेवून लिहिलेल्या 4 सारखा दिसतो.

यातले पहिले दोन खरे घातकी. छापील अक्षरात १ आणि 9 यांत फरक कळतो, पण बॉलपेनने घाईत, मांडीवर वही ठेवून लिहिलेल्या १ मध्ये आणि 9 मध्ये मला तरी पुष्कळदा काही उरलेलं दिसत नाही. ४ चं डोकं उघडं असतं आणि 8 चं मिटलेलं, एवढाच काय तो भेद. आणि पेन जरा पुढे सरकलं की उघडं डोकं मिटतं. म्हणून १४ चे 98 होतात, ११ चे 99 आणि ४४ चे 88. हे आकडे मी गंमत म्हणून जोडलेले नाहीत. हजेरीच्या वहीत 'गडी १४' हे वाचून 'अठ्ठ्याण्णव गडी कुठल्या बागेत मावले?' असं विचारणारी मुलं इथे आहेत. त्यांनी विचारलं ते बरं केलं. गड्यांच्या बाबतीत अठ्ठ्याण्णव हा आकडा खटकतो, पण रुपयांच्या बाबतीत चार हजार काय आणि आठ हजार काय, दोन्ही खरेच वाटतात.

सरावासाठी पुस्तक नको, खिशातली नोट पुरे. २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेच्या नोटांवर किंमत दोन्ही प्रकारे छापलेली आहे. शंभराच्या नोटेवर १०० आणि 100, पाचशेच्या नोटेवर ५०० आणि 500. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा जोडीला घेतल्या की १, २, ५ आणि ० हे चार अंक तुमचे झाले. त्या दोन घातक्यांतला उरला ४. तो कागदावर वीसपंचवीस वेळा स्वतः लिहा, आणि शेजारी तितक्याच वेळा 8 लिहा. हाताला कळलं की डोळ्याला कळतं.

जाता जाता एक गोष्ट. बागेत राखणीला जे नेपाळी गडी येतात, त्यांना हे अंक शिकवावे लागत नाहीत. नेपाळीतही हेच अंक आहेत, फक्त काहींची वळणं थोडी निराळी. मालकाच्या नातवाला न वाचता आलेली हजेरी राखणदार घडाघडा वाचून दाखवतो, असं दृश्य आता अनेक बागांत दिसतं.

पायरी दुसरी: आधी लिपी ठरवा, मग आकडा वाचा

नवखा माणूस आकडा डावीकडून वाचायला घेतो आणि तिथेच फसतो. आधी सगळी चिठ्ठी बघा आणि ती कुठल्या लिपीत आहे हे सांगणारा एखादा अंक शोधा. ६, ८ किंवा ९ कुठेही दिसला, तारखेत का असेना, तर हात मराठी आहे. मग त्या चिठ्ठीतला 9 सारखा दिसणारा अंक १ आहे आणि 8 सारखा दिसणारा ४. उलट सरळ उभी रेघ असलेला 1, किंवा 5, किंवा 7 दिसला तर हात इंग्रजी आकड्यांचा आहे आणि 9 म्हणजे नऊच.

तारीख हा सगळ्यात उपयोगी पुरावा आहे, कारण ती तुम्हाला दुसरीकडून माहीत असते. चिठ्ठी एप्रिलमध्ये आली असेल आणि वर महिन्याच्या जागी 8 सारखं काही असेल, तर तो ४ आहे. आता याच माणसाचा ४ कसा दिसतो हे तुम्हाला कळलं. त्याच्या पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या वाचायला हा एक अंक पुरतो.

अडचण येते ती जेव्हा पूर्ण आकड्यात असा साक्षीदार अंकच नसतो. ४,१०० मध्ये काय आहे? ४, १ आणि दोन शून्यं. हा आकडा 8,900 म्हणूनही सुखाने वाचता येतो. १,४०० म्हणजे 9,800. ११,००० म्हणजे 99,000. ज्या रकमेत फक्त ०, १, २, ३, ४ येतात ती रक्कम दोन्ही लिप्यांत निमूट बसते. अशी एकटी रक्कम, तारीख नसलेल्या कागदावर, कितीही स्वच्छ लिहिलेली असली तरी वाचून पैसे पाठवू नका. फोन लावा. बोललेल्या 'चार हजार शंभर'ला दोन लिप्या नसतात.

आणि एकाच मजकुरात दोन्ही लिप्या असतील तर? मोबाइलवर असं सारखं होतं. कीबोर्ड मराठी असतो, पण आकड्यांच्या पानावर गेलं की 1, 2, 3 येतात. मधेच अंकावर बोट दाबून धरलं की बऱ्याच कीबोर्डवर दुसऱ्या लिपीतला अंक वर येतो. त्यामुळे 'दि. १२ ला 3 पेट्या, बाकी ४४००' असा खिचडी मजकूर तयार होतो. त्यात निदान अक्षर छापील असतं, म्हणून स्क्रीन मोठी करून बघितलं तर ४ आणि 8 वेगळे दिसतात. पण मोठी करून बघा; छोट्या फोनवर उन्हात उभं राहून नाही.

पायरी तिसरी: चिठ्ठी स्वतःच स्वतःला तपासते

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतला हिशेब घेऊ. पेट्या बनवणारे एक वयस्क सुतारकाका मोबाइलवर टाइप करत नाहीत. वहीच्या पानावर लिहितात आणि त्यांची सून त्याचा फोटो काढून पाठवते. यंदा बागेचा कारभार नातवाकडे आलाय, तो मुंबईत वाढलेला. फोटोत असं होतं:

पेट्या ११०
दर ९५
एकूण १०,४५०
उचल ४,४००
बाकी ६,०५०

नातवाने वाचलं ते असं: पेट्या 990, दर काहीतरी, एकूण 90,840, उचल 8,800, बाकी कळत नाही. या चिठ्ठीत तो फसला नाही, कारण त्यात ९ आणि ६ आहेत आणि ते त्याला अडवतात. तरी समजा त्याने तेवढे दोन अंक कोणाला विचारून घेतले आणि उरलेल्यांवर विसंबून राहिला. मग काय करावं?

गुणाकार करावा. पेट्या गुणिले दर म्हणजे एकूण, आणि एकूण वजा उचल म्हणजे बाकी. ११० गुणिले ९५ बरोबर १०,४५०. जुळलं. ११० च्या जागी 990 धरले तर ९५ ने गुणून ९४,०५० येतात, ते चिठ्ठीत कुठेच नाहीत. उचल 8,800 धरली तर बाकी १,६५० यायला हवी, आणि लिहिलीय ६,०५०. म्हणजे उचल चुकीची वाचली. व्यापाऱ्याच्या पट्टीतही हेच लागू पडतं: नग गुणिले दर, त्यातून आडत, हमाली आणि भाडं वजा, आणि खाली निव्वळ रक्कम. पट्टी जितकी लांब तितकी ती वाचायला सुरक्षित, कारण प्रत्येक आकड्याचा ताळा दुसऱ्या आकड्याशी लागतो.

आता त्याच नातवाची दुसरी चिठ्ठी. आठवड्याने सुतारकाकांनी कागदाच्या तुकड्यावर लिहून पाठवलं, 'फळ्या आणायच्या हत, ४१०० धाड'. तारीख नाही, दर नाही, नग नाही. नातवाने 8900 वाचले आणि यूपीआयने पाठवले. संध्याकाळी काकांचा फोन आला. "झिला, मी चार हजार शंभर सांगितलंय, हे वरचे खंयसून इले?"

माणूस सरळ म्हणून फोन आला. पण गृहीत धरा, फोन आला नाही आणि महिनाअखेरीला वही आणि पासबुक जुळत नाही. तेव्हा पुढची युक्ती कामाला येते.

फरक बघून रोग ओळखणे

१ चा 9 वाचला की त्या जागी आठाची वाढ होते. ४ चा 8 वाचला की चाराची. म्हणून हिशेबातली तफावत नुसत्या ४ आणि ८ या अंकांनी बनलेली असेल, सोबत शून्यं, तर आधी लिपीचा संशय घ्या. वरच्या उदाहरणात ८,९०० वजा ४,१०० म्हणजे ४,८००. हजाराच्या जागी चार वाढले, शेकड्याच्या जागी आठ. पहिल्या चिठ्ठीत बाकीत ६,०५० आणि १,६५० मध्ये ४,४०० चा फरक पडला होता, तोही चारांचाच.

तफावत ४०० आली तर शेकड्याच्या जागी ४ असलेली नोंद शोधा. ८,००० आली तर हजाराच्या जागी १ असलेली. सगळी वही उलगडायची गरज नाही, तेवढ्याच ओळी बघायच्या. ७ चा 6 किंवा ५ चा 4 झाला असेल तर त्या जागी एक कमी पडतो. म्हणजे १,००० किंवा १०० ची तूट. पण तूट मिळवणीत हातचा विसरल्यानेही येते, त्यामुळे तिथे ही खूण तितकी खात्रीची नाही.

वाढ की घट, यावरूनही काही कळतं. मराठी आकडा इंग्रजी समजून वाचला तर १ आणि ४ रक्कम फुगवतात. इंग्रजी आकडा मराठी समजून वाचला तर 9 आणि 8 रक्कम आटवतात. म्हणजे नातवाकडून जास्त पैसे जातात, आणि आजोबांना आपल्या खात्यात 8,900 जमा झाल्याचा बँकेचा मेसेज ४,१०० वाटू शकतो. आजोबा ओरडत बसतात की पैसे कमी आले, आणि दोघंही खरं बोलत असतात. घरातल्या वयस्कांना बँकेचा मेसेज वाचून दाखवताना म्हणूनच आकडा बोटाने दाखवू नका, शब्दांत बोला.

पायरी चौथी: बँकेच्या कागदावर काय लिहायचं

आकड्यांच्या चौकटीत 1, 2, 3 लिहा. मराठी अंक लिहिणं हा गुन्हा नाही. चेक इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागातल्या भाषेत लिहिता येतो, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे: हक्क आहे म्हणून काउंटरवर गोंधळ ओढवून घेऊ नये. पासबुक, मोबाइल, मशीन सगळं 1, 2, 3 मध्ये चालतं आणि समोरचा कारकून कुठल्या राज्यातला आहे हे तुम्हाला माहीत नसतं. आणि ज्यांना हे आकडे परके वाटून राग येतो त्यांच्यासाठी: राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात केंद्राच्या कामकाजासाठी जे अंक ठरवलेत त्यांना 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप' म्हटलंय. तेव्हा तेही आपलेच.

शब्दांची ओळ मात्र मराठीत लिहायला अजिबात कचरू नका. तिथे तुमची भाषा जितकी पक्की तितकी रक्कम पक्की. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं अठरावं कलम सांगतं की चेकवर अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. कायदा असं म्हणतो. व्यवहारात बँक बहुधा वाद न घालता 'अक्षरी व अंकी रकमेत फरक' असा शेरा मारून चेक परत करते. म्हणजे पैसे चुकीचे जात नाहीत, पण हेलपाटा पडतो आणि ऐन हंगामात पेटीवाला दारात उभा राहतो.

चौदा हजार शंभरचा चेक लिहून बघू. चौकटीत 14,100/- लिहा. 1 म्हणजे सरळ रेघ, तिला डोकं काढू नका. 4 चं डोकं मिटवून लिहा, म्हणजे तो ५ वाटणार नाही. हाच नियम इतर आकड्यांना: 8 ची दोन्ही भोकं पूर्ण बंद, 9 ची शेपटी सरळ खाली. रुपयाच्या चिन्हाला चिकटून पहिला आकडा सुरू करा आणि शेवटी /- ओढा, म्हणजे मागे-पुढे कोणी अंक घुसडू शकत नाही. फक्त तो /- आकड्यापासून जरा दूर ठेवा. तिरकी रेघ शून्याला चिकटली की 1 वाटते. शब्दांत 'चौदा हजार शंभर फक्त'. 'चौदा हजार एकशे' लिहू नका. एकशेनंतर काहीतरी यायचं राहिलंय असं वाटतं.

चुकलं तर खोडून वर लिहू नका. चेकचं चित्र पाठवून वटवण्याची पद्धत आल्यापासून खाडाखोड केलेला चेक त्या रांगेत चालत नाही. तारखेची मुदत वाढवून सही करणं एवढाच अपवाद. ४ लिहून गेला आणि त्याचा 4 करायचा म्हणून गिरवलात, तर तो चेक गेला. नवीन पान घ्या. तारखेच्या चौकटींतही हेच. आठ घरं असतात, दिवसाची दोन, महिन्याची दोन, वर्षाची चार, आणि चेकची मुदत त्या तारखेपासून तीन महिने. एप्रिलचा ४ कोणी 8 वाचला तर तुमचा चेक ऑगस्टचा, म्हणजे अजून न आलेल्या तारखेचा होतो.

रोख भरण्याच्या स्लिपवर एक आयता ताळा असतो. किती रुपयांच्या किती नोटा, हा तक्ता. 500 च्या 8 नोटा म्हणजे 4,000 आणि 100 ची 1 नोट म्हणजे 100, एकूण 4,100. कॅशियर नोटा मोजतो, त्यामुळे इथे चूक टिकत नाही. पैसे काढायच्या स्लिपवर असा तक्ता नसतो. तिथे शब्दांची ओळ हाच एक आधार, आणि लोक नेमकी तीच घाईत लिहितात.

अक्षरी रक्कम लिहिताना लागणाऱ्या ठेचा

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना अंकांपेक्षा इथे जास्त त्रास होतो. एकोणपन्नास म्हणजे 49, एकोणसाठ म्हणजे 59, एकोणसत्तर म्हणजे 69. कानाला 'सत्तर' ऐकू येतं आणि हात 79 लिहितो. फोनवर कोणी एकोणसत्तर म्हणालं तर 'म्हणजे सत्तरला एक कमी ना?' असं लगेच विचारा. कोणी हसणार नाही.

बोलण्यात सव्वादोनशे (225), पावणेदोनशे (175), साडेचौदाशे (1,450) आणि अडीच हजार (2,500) सर्रास येतात. ऐकल्याबरोबर कागदावर अंकांत मांडा, परत वाचून दाखवा. चेकवर मात्र 'अडीच हजार' न लिहिता 'दोन हजार पाचशे' लिहा.

सातबारा आणि कर्जाचा अर्ज

रुपयांइतकीच घात करणारी एक जागा आहे. सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आर अशा रीतीने असतं, आणि ते मराठी अंकांत असेल तर जपा. पीककर्जाच्या अर्जात ते उतरवायचं असतं. चौदा आरचा तुकडा ०.१४ असा दिसतो आणि नवखा हात 0.98 लिहितो. चौदा आरचे जवळजवळ एक हेक्टर! कर्जाची रक्कम क्षेत्रावर ठरत असल्याने पुढची सगळी गणितं बिघडतात, आणि शाखेत सातबारा शेजारी ठेवून बघितला की अर्ज परत. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरही याच नजरेने उतरवा. तिथे तर ताळा लावायला काही नसतं, म्हणून घरच्या जाणत्या माणसाला मोठ्याने वाचायला लावून तुम्ही लिहा.

पायरी पाचवी: मेसेज कसा लिहायचा, पैसे कसे पाठवायचे

तुम्ही पैसे मागणारे असा किंवा देणारे, रक्कम दोनदा लिहा, एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत: 'रु. 4,100, चार हजार शंभर'. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, 1,25,000 असा. '4k' किंवा नुसतं '4' लिहून हजार समजून घ्या असं करू नका.

मराठी अंकांतला खाते क्रमांक मेसेजमधून उचलून अ‍ॅपमध्ये चिकटवू नका. अ‍ॅप तो घेईल, नाकारेल की अर्धवट घेईल याचा नेम नाही. 1, 2, 3 मध्ये स्वतः टाइप करा. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं शून्य असतं, ओ नाही. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जातात, नावावर नाही. म्हणून खातेदाराचं नाव आधी दाखवणारी सोय वापरा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ती १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितलं होतं. पण ती सोय नाव बरोबर आहे एवढंच सांगते. नाव बरोबर आणि रक्कम दुप्पट, हे तिला कळत नाही.

म्हणून यूपीआयचा पिन टाकण्याआधीच्या स्क्रीनवर थांबा आणि तिथली रक्कम फोनवरच्या माणसाला मराठीत बोलून दाखवा. "आठ हजार नऊशे पाठवतोय काका," एवढं वाक्य नातवाने उच्चारलं असतं तर सुतारकाका तिथल्या तिथे ओरडले असते.

गेलेच जास्त, तर

झालेला यूपीआय व्यवहार पाठवणाऱ्याला आपल्या बाजूने मागे घेता येत नाही. चेक दिला असेल आणि अजून वटला नसेल तर बँकेत लेखी देऊन त्याचं पेमेंट थांबवता येतं. बाकी सगळ्या वाटा समोरच्या माणसावर अवलंबून. ओळखीच्यात असेल तर परत मागण्यापेक्षा पुढच्या हिशेबात वळते करणं सोपं. सुतारकाकांच्या ४,८०० चं तसंच झालं. पुढच्या चिठ्ठीत त्यांनी 'उचल' या शब्दासमोर ८,९०० लिहिले. नातवाने त्या दिवशी पहिल्यांदा ८ आणि ९ शेजारी शेजारी बघितले.

अनोळखी खात्यात गेले असतील तर त्याच दिवशी अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवा, शाखेत लेखी द्या, आणि सोबत मूळ चिठ्ठीचा फोटो जोडा. फोटो जोडताना त्याखाली 1, 2, 3 मध्ये लिहा की कागदावर रक्कम किती होती आणि पाठवली किती. नाहीतर तक्रार वाचणारा कारकूनही तुमची चिठ्ठी 8,900 च वाचेल आणि म्हणेल, यात चुकलं काय?